आईची जन्मतारीख आणि डेक्सा रिपोर्टातले दोन आकडे

७ डिसेंबर २०२४, शनिवार. सकाळी आई अंगणात तुळशीला पाणी घालून वळली आणि ओल्या फरशीवर घसरली. पडताना तिने उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. उंचावरून पडली नव्हती, धक्काही लागला नव्हता, उभ्याची खाली बसली एवढंच. खानापुरात प्लास्टर घातलं. सहा आठवड्यांनी, १८ जानेवारीला, ते काढताना हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं : डेक्सा, कंबर आणि खुबा. डेक्सा म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजायची तपासणी.

त्या चिठ्ठीपासून औषध सुरू होईपर्यंत आमचे जवळपास दोन महिने गेले. त्यातले बरेच दिवस रिपोर्टावरच्या दोन आकड्यांचा अर्थ लावण्यात गेले. एकाचं नाव टी-स्कोर, दुसऱ्याचं झेड-स्कोर. कुणाच्या घरात असा कागद आत्ता टेबलावर पडला असेल, तर त्यांच्यासाठी घडलं तसं लिहिते.

आधी एक मागची गोष्ट. ऑगस्टमध्ये गावात हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर झालं होतं. टाच एका यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. आईच्या चिठ्ठीवर टी-स्कोर उणे १.८ होता आणि ‘वयाच्या मानाने बरं आहे’ असं तोंडी सांगितलं होतं. आम्ही ते धरून बसलो. नंतर कळलं, की टाचेचं ते यंत्र ध्वनिलहरींवर चालतं. त्याच्या आकड्यालाही टी-स्कोरच म्हणतात, पण डेक्साच्या टी-स्कोरला लावायच्या मर्यादा त्याला लागू होत नाहीत. शिबिराच्या चिठ्ठीवरून फार तर पुढची तपासणी करायची की नाही हे ठरवता येतं. ‘काही नाही’ असा निकाल तिच्यावरून लावता येत नाही.

२२ जानेवारीला मी बेळगावातल्या एका तपासणी केंद्रात फोन केला. २८ तारीख मिळाली, सकाळी अकराची. फी २,२०० रुपये. फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवायची, कारण पोटात न विरघळलेली गोळी कमरेच्या चित्रात हाडासारखीच दिसते. गेल्या पंधरवड्यात बेरियम पाजून किंवा शिरेतून रंग देऊन काही तपासणी झाली असेल तर तसं कळवायचं. आणि कपड्यांना धातूची बटणं किंवा हूक नकोत. आईने साधं सुती लुगडं नेसायचं ठरवलं आणि मंगळसूत्र काढून ठेवायला ती कशीबशी तयार झाली. खुब्यात सळई असेल किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर तेही आधीच सांगा, कारण त्या जागेचं माप घेऊन उपयोग नसतो.

खानापूर ते बेळगाव साधारण सव्वीस किलोमीटर. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून सरकारी साध्या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही, फक्त राज्यातलं ओळखपत्र दाखवायचं. आईने सवयीने आधार कार्ड काढलं, कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं आणि कार्ड परत पिशवीत गेलं. पुढे केंद्रातल्या काउंटरवरही तेच कार्ड पुढे केलं. तिथल्या मुलीने त्यावरून नाव आणि जन्मतारीख टाइप केली : ०१/०६/१९६१. मी शेजारीच उभी होते. माझ्या काहीच ध्यानात आलं नाही.

आतली तपासणी सोपी होती. आधी उंची आणि वजन घेतलं. मग आईला एका रुंद पलंगावर उताणं झोपवलं आणि पाय एका चौकोनी फोमच्या ठोकळ्यावर ठेवले, म्हणजे कंबर पलंगाला सपाट टेकते. खुब्याच्या वेळी पाऊल आतल्या बाजूला वळवून पट्ट्याने बांधलं. तंत्रज्ञ मुलगी कानडी होती. ‘अलुगाडबेडी अज्जी’, म्हणजे हलू नका आजी, असं दोनदा म्हणाली आणि आईने तिला कानडीतच होकार दिला. वरचा दांडा हळूहळू सरकत गेला. पंधरा मिनिटांत सगळं आटपलं. बोगद्यासारखं यंत्र नसतं, सुई नसते आणि क्ष-किरणांची मात्रा फारच थोडी असते. आईला रात्रभर झोप लागली नव्हती, त्यामुळे हे मुद्दाम लिहिते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रिपोर्ट आणला आणि अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, फोटो पाठवला. रिपोर्टात खुब्याच्या रकान्यात मांडीच्या हाडाच्या मानेसमोर तीन आकडे होते. घनता ०.५४६ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. टी-स्कोर उणे २.६. झेड-स्कोर उणे १.२. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की झेड-स्कोर हा त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या व्यक्तींशी केलेल्या तुलनेवर आधारित आहे.

अण्णाचा लगेच फोन. ‘अगं, झेडच खरा की! तोच आईच्या वयाच्या बायकांशी लावलाय. दुसरा आकडा तरण्या पोरींशी लावलाय. सत्तरीच्या बाईची वीस वर्षांच्या पोरीशी कसली बरोबरी करायची? उणे एक पॉइंट दोन म्हणजे जरा कमी आहे, एवढंच.’

मला त्याचं म्हणणं पटलं, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. ऐकायला ते न्याय्यच वाटतं. आणि मला वाटतं, बहुतेक घरांत हा कागद असाच वाचला जात असणार, कारण दोन आकड्यांमधला जो कमी भीती घालतो त्याच्याकडे मन आपोआप जातं.

१ फेब्रुवारीला आम्ही डॉक्टरांकडे गेलो. फी ५०० रुपये, दोन तास थांबलो. डॉक्टर मराठीत समजावून सांगणारे निघाले. अण्णाने आपला मुद्दा मांडला. डॉक्टरांनी तो खोडला नाही, पाठकोऱ्या कागदावर दोन घोळके काढले.

पहिला घोळका तरुण बायकांचा, वय वीस ते एकोणतीस. या वयात हाडं भरीव असतात. मांडीच्या हाडाच्या मानेसाठी जगभर जो घोळका प्रमाण धरतात, तो १९८८ ते १९९४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या सरकारी आरोग्य पाहणीतला आहे. आमच्या केंद्रातल्या बनावटीच्या यंत्रावर त्या मुलींची सरासरी घनता ०.८५८ येते. अर्थात सगळ्यांची सारखी नव्हती. कुणाची थोडी जास्त, कुणाची थोडी कमी, आणि हा फरक मोजायची एक पायरी असते, तिला प्रमाण विचलन म्हणतात. इथे ती पायरी ०.१२०ची. घोळक्यातल्या साधारण दोन तृतीयांश मुली सरासरीच्या वर-खाली एका पायरीच्या आतच बसतात.

मग त्यांनी आईचा हिशेब केला. ०.५४६ मधून ०.८५८ वजा केले, उरले उणे ०.३१२. त्याला ०.१२० ने भागलं, उत्तर उणे २.६. झाला टी-स्कोर. म्हणजे आईचं हाड तरुण सरासरीपेक्षा दोन पूर्ण आणि आणखी अर्ध्याहून जास्त पायरी खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये या पायऱ्यांवर रेघा आखल्या : उणे १ पर्यंत ठीक, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधलं ते ऑस्टिओपेनिया, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. या रेघा टी-स्कोरवरच्या आहेत. झेडला त्या लावायच्या नसतात.

दुसरा घोळका आईच्या वयाच्या बायकांचा. झेड-स्कोरचा हिशेबही तसाच, फक्त सरासरी आणि पायरी या घोळक्याची. पण पाळी गेल्यावर हाड झिजत जातं, आणि ते या घोळक्यातल्या सगळ्यांचंच झिजलेलं असतं. त्यामुळे घोळक्याची सरासरीच खाली उतरलेली असते, आणि तिच्याशी तुलना केली तर आई फार मागे दिसत नाही.

आई इतका वेळ गप्प बसली होती. ती म्हणाली, ‘चैत्रात सगळ्यांच्याच विहिरी खाली जातात. शेजारणीच्या विहिरीशी आमची विहीर बरोबर आहे म्हणून माझ्या घागरीत पाणी येतंय व्हय?’

डॉक्टर म्हणाले, ‘मावशी, अगदी हेच. टी सांगतो तळाशी पाणी किती उरलंय. झेड सांगतो तुमची विहीर इतरांपेक्षा लवकर आटली का.’

मला हे फार स्पष्ट झालं, आणि अण्णालाही. हाड मोडणार की टिकणार हे त्यात उरलेल्या बळावर ठरतं, आणि तरुण सरासरीपासून आपण किती खाली आलो हे बघितलं की त्या बळाचा अंदाज येतो. आपल्या वयाच्या सगळ्याजणी तितक्याच खाली आल्या आहेत म्हणून आपलं हाड मजबूत होत नाही. म्हणून पाळी गेलेल्या बाईसाठी आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषासाठी निदान टी-स्कोरवरून करतात.

मग झेड छापतात तरी कशाला? तर त्याचं काम वेगळं आहे. झेड उणे २ किंवा त्याहून खाली असेल, तर आपल्या वयाच्या लोकांच्या मानानेही हाड फारच कमी आहे. अशा वेळी वय आणि पाळी जाणं यांपलीकडे काही कारण आहे का ते शोधतात : थायरॉइड जास्त चालणं, पॅराथायरॉइडचा दोष, बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइडं, अन्न अंगी न लागण्याचा आतड्याचा आजार, क्वचित रक्ताचा कर्करोग. आईचा झेड तिथपर्यंत गेलेला नव्हता.

एवढं बोलून डॉक्टर थांबले आणि रिपोर्टाच्या माथ्यावर बोट ठेवलं. ‘यात वय ६३ लिहिलंय. मावशींचं वय ६३ आहे?’

आईकडे बघून ते कुणालाही पटलं नसतं. आईची खरी तारीख घरात कुणालाच ठाऊक नाही. शाळेत ती दोनच वर्षं गेली, दाखला नाही. आधार काढायच्या वेळी मामांनी अंदाजाने साल सांगितलं आणि तारीख १ जून घातली, जशी आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची असते, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पण एक गोष्ट आजोबा नेहमी सांगत. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्या दिवशी ते आईला खांद्यावर घेऊन खानापुरात आले होते आणि तिला नुकतं दुसरं वर्ष पुरं झालं होतं. या हिशेबाने आई १९५४ सालच्या दिवाळीच्या आसपासची. म्हणजे तपासणीच्या दिवशी सत्तर वर्षांची.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि केंद्रासाठी चिठ्ठी दिली : जन्मसाल १९५४ धरून रिपोर्ट पुन्हा काढावा. मला वाटलं, परत पलंगावर झोपवणार, परत २,२००. तसं काही नव्हतं. मोजलेलं हाड यंत्रात साठवलेलं असतं. रुग्णाच्या माहितीत तारीख बदलली की तुलना नव्याने होते. ४ फेब्रुवारीला मी एकटीच गेले. काउंटरवर आधी ‘आधारप्रमाणेच नोंद होते’ असं उत्तर मिळालं, पण चिठ्ठी दाखवल्यावर आत पाठवलं. अर्ध्या तासात नवा कागद मिळाला आणि छपाईचे ५० रुपये घेतले. आधार बदलावं लागलं नाही.

बसमध्ये मी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी धरले. घनता तीच, ०.५४६. टी-स्कोर तोच, उणे २.६. झेड-स्कोर मात्र उणे १.२ होता, तो उणे ०.९ झाला होता.

डॉक्टरांनी काढलेले घोळके मला खऱ्या अर्थाने समजले ते त्या क्षणी. टी-स्कोरचा घोळका ठरलेला आहे. आई ६३ची असो, ७०ची असो, तिची तुलना त्याच तरुण मुलींशी होते, म्हणून वय चुकलं तरी टी हलत नाही. झेडचा घोळका वयाबरोबर बदलतो. ६३ टाकल्यावर आईला त्रेसष्टच्या बायकांत उभं केलं होतं, ७० टाकल्यावर सत्तरच्या बायकांत. त्यांची हाडं आणखी झिजलेली, म्हणून आई त्यांच्यात बरी दिसू लागली. हाडात काडीचाही फरक पडला नव्हता.

याचा दुसरा अर्थही नंतर ध्यानात आला. समजा दोन वर्षांनी आईची घनता जशीच्या तशी राहिली, तर झेड-स्कोर आपोआप थोडा सुधारलेला दिसेल, कारण घोळका दोन वर्षांनी म्हातारा झालेला असेल. तेव्हा औषध लागू पडलं का हे झेडवरून ठरवायचं नाही. ग्रॅममधली घनता बघायची, तीही त्याच यंत्रावरची. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत, एका बनावटीवर कंबरेचा आकडा दुसऱ्यापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी जास्त येऊ शकतो. आणि एकाच यंत्रावरही थोडा फरक नुसत्या झोपण्याच्या पद्धतीने पडतो. किती फरक खरा मानायचा याचा आकडा प्रत्येक केंद्राने आपल्या यंत्रासाठी काढून ठेवायचा असतो. तो विचारता येतो.

८ फेब्रुवारीला पुन्हा डॉक्टर. नवा झेड बघून अण्णाच्या तोंडून ‘बरं झालं’ असं निघून गेलं. डॉक्टरांनी मग संगणकावर दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढायचं एक गणित उघडलं. त्याला फ्रॅक्स म्हणतात आणि त्यात भारतासाठी वेगळा पर्याय असतो. त्यात वय, वजन, उंची, आधी हाड मोडलं का आणि मांडीच्या हाडाच्या मानेची घनता टाकतात. त्यांनी आधी ६३ टाकून दाखवलं, मग ७०. बाकी सगळं तेच ठेवलं तरी ७० टाकल्यावर धोका वाढला. म्हणजे खरं वय घातल्यावर झेड चांगला दिसू लागला आणि धोका मात्र जास्त निघाला. वय वाढलं की तोल जातो, पडणं वाढतं, हाडाची वीण बिघडते, हे सगळं घनतेच्या आकड्यात येत नाही. चुकीचं वय राहिलं असतं, तर टी-स्कोरने निदान बरोबर दिलं असतं, पण हा धोका आम्ही कमी समजलो असतो.

कंबरेबद्दल थोडक्यात. कंबरेच्या चार मणक्यांचा एकत्र टी-स्कोर उणे १.४ आला होता, म्हणजे खुब्यापेक्षा बराच बरा. डॉक्टरांनी एकेक मणका बघितला. वरचे दोन उणे २.४ आणि उणे २.२, खालचे दोन उणे ०.९ आणि उणे ०.३. शेजारच्या मणक्यांत एका पायरीहून जास्त फरक असला की शंका घ्यायची. चित्रात खालच्या दोन मणक्यांच्या कडेला संधिवाताची वाढलेली हाडं दिसत होती, आणि यंत्र तीही मोजतं. ते दोन वगळल्यावर उरलेल्या दोघांचा आकडा उणे २.३ झाला. उतारवयात कंबर अशी फसवते. म्हणून खुबा आणि कंबर दोन्ही बघतात आणि त्यातला सर्वात खालचा टी-स्कोर धरतात. आईच्या बाबतीत तो मांडीच्या मानेचा, उणे २.६.

रिपोर्टाच्या तळाशी तुलनेसाठी ‘गोऱ्या स्त्रिया’ धरल्याची ओळ होती आणि ती मला टोचत होती. आपल्या बायकांची तुलना अमेरिकेतल्या गोऱ्या मुलींशी का? डॉक्टर म्हणाले, की प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे चण लहान असते, आणि डेक्सा हाडाचं चपटं माप घेतं, जाडी मोजत नाही, म्हणून लहान हाड थोडं विरळ दिसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतीय तरुणांची स्वतंत्र सरासरीही काढलेली आहे. ती धरली तर टी-स्कोर थोडा सौम्य येतो. पण उणे २.५ची रेघ आणि तिच्याभोवतीचं ज्ञान ज्या घोळक्यावर उभं आहे तो घोळका जगभर एकच ठेवावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आणि ते स्वतः तोच पाळतात. मला हे पूर्ण समाधानकारक वाटलं नाही. एवढं मात्र पटलं, की दोन केंद्रांचे रिपोर्ट समोर ठेवायचे तर आधी ही ओळ वाचायची. एकात गोऱ्या स्त्रिया आणि दुसऱ्यात आशियाई किंवा भारतीय असतील, तर तेच हाड दोन वेगळे स्कोर दाखवेल.

रक्ताच्या तपासण्यांना ३,४०० रुपये लागले. कॅल्शियम, किडनी, थायरॉइड, पॅराथायरॉइड ठीक होतं. ड जीवनसत्त्व १४ निघालं, वीसच्या खाली म्हणजे कमतरता. झेड बरा असूनही ही तपासणी केली, कारण हाड मोडलेलं होतं, आणि औषधाआधी ड जीवनसत्त्व भरून काढावं लागतं. दातांच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवून घ्यायला सांगितलं. मार्चच्या मध्यावर आठवड्याची गोळी सुरू झाली. ती रविवारी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. आईला चहाचंच सर्वांत जड गेलं.

आता माझं. मी ४४ वर्षांची, पाळी नियमित. दम्यासाठी मागे अनेक महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. हे ऐकून डॉक्टरांनी माझीही डेक्सा सांगितली. २५ मार्चला केली. मांडीच्या मानेची घनता ०.६९०, टी-स्कोर उणे १.४, झेड-स्कोर उणे १.०. आणि खाली यंत्राने छापलेला शब्द : ऑस्टिओपेनिया.

आईच्या प्रकरणातून मी शिकले होते, की टी बघायचा. म्हणून मी घाबरून गेले. डॉक्टरांनी तो शब्द पेनने खोडला. ‘हा शब्द तुम्हाला लागू नाही,’ ते म्हणाले. ज्या बाईची पाळी चालू आहे किंवा जो पुरुष पन्नाशीच्या आत आहे, त्याच्यासाठी झेड बघायचा. त्या वयात जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या रेघा लावत नाहीत, कारण तरुण बाईत कमी घनता आणि हाड मोडणं यांचं नातं म्हाताऱ्या बाईसारखं नसतं. कुणाची घनता मुळातच कमी असते आणि ती तशीच टिकते. यंत्र मात्र वय न बघता शब्द छापून मोकळं होतं. त्यांनी शेजारी लिहिलं : ‘वयाच्या अपेक्षित मर्यादेत’. झेड उणे २ किंवा त्याखाली असता तर ‘वयाच्या अपेक्षित मर्यादेखाली’ असं लिहून कारण शोधलं असतं. स्टेरॉइड घेतलं होतं म्हणून दोन वर्षांनी पुन्हा बघायचं ठरलं. औषध काही नाही.

घरी येऊन मी दोघींचे कागद पुन्हा शेजारी ठेवले. माझ्या टी आणि झेडमध्ये फरक ०.४चा. आईच्या टी आणि झेडमध्ये १.७चा. माझ्या वयाच्या बायका त्या विशीतल्या घोळक्यापासून अजून फार लांब गेलेल्या नाहीत, आईच्या वयाच्या गेल्या आहेत. जेवढं हे अंतर जास्त, तेवढा झेड खोटा धीर देतो.

आईची पुढची तपासणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर. फाइलच्या मुखपृष्ठावर मी जाड पेनने लिहून ठेवलंय : ‘जन्म १९५४ धरावा. आधारवरचा १९६१ धरू नये.’ खाली यंत्राचं नाव आणि ०.५४६. काउंटरवर फाइल आधी पुढे करायची आणि आधार नंतर, हे अण्णाला, वहिनीला आणि आईलाही सांगून ठेवलंय.